चिमणराव आधी कुठे दिसले?

दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वेंचे गुंड्याभाऊ ही जोडी दूरदर्शनच्या मालिकेतही आहे आणि ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या चित्रपटातही. मग आधीचे कोणते? मालिका १९७७च्या सुमाराची, मुंबई दूरदर्शनची. विनय धुमाळे यांचा चित्रपट १९७९चा. म्हणजे इथे छोट्या पडद्यावरची जोडी मोठ्या पडद्यावर गेली. चेहरे तेच राहिले, कारण प्रेक्षकांच्या मनात तेव्हा चिमणराव म्हणजे प्रभावळकर हे पक्के झाले होते.

पण गोष्ट इथून सुरू होत नाही. मास्टर विनायकांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’ काढला. त्यांत चिमणराव झाले होते दामुअण्णा मालवणकर. प्रभावळकरांच्या कितीतरी वर्षे आधी चिमणराव पडद्यावर वावरून गेले होते.

तर मग मालिका त्या जुन्या चित्रपटांवरून झाली का? माझ्या मते, नाही. दोन्हींचे मूळ चिं. वि. जोशींच्या कथांत आहे. मालिकेने पुन्हा पुस्तकेच उघडली. वर्षांचा क्रम सांगतो की काय आधी आले. काय कशावरून आले, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी श्रेयनामावलीत कथा कोणाची म्हटली आहे ते वाचावे, आणि दोन आवृत्त्यांत असे प्रसंग शोधावेत जे मूळ पुस्तकात नाहीत. असा प्रसंग दोन्हीकडे सापडला, तरच एकाने दुसऱ्यावरून घेतल्याची शंका धरावी. चिं. वि. १९६३ मध्ये गेले. विनायकांचे चित्रपट त्यांच्या हयातीतले, मालिका नंतरची.

काळा-पांढरा म्हणजे जुना, ही समजूत इथे हमखास फसवते. दूरदर्शनवर रंग १९८२ मध्ये आला, त्यामुळे १९७७ची मालिकाही कृष्णधवलच आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला येणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरील तारीख हा भरवशाचा पुरावा. पण प्रमाणपत्र एका वर्षाचे आणि प्रदर्शन पुढच्या वर्षाचे असू शकते, हे लक्षात ठेवावे. दूरदर्शनच्या मालिकेला असे प्रमाणपत्र लागत नसे; तिच्यासाठी पहिल्या प्रक्षेपणाची तारीख त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या कार्यक्रमपत्रिकेत शोधावी लागते. पुनःप्रक्षेपणाची तारीख हाती लागली, तर क्रम उलटा लागू शकतो.

आणि जालन्यातल्या मस्तगडसारख्या वस्तीत क्रम खरोखरच उलटा लागू शकत होता. सत्तरच्या दशकात मुंबई केंद्राचे कार्यक्रम मुख्यतः मुंबई-पुण्याच्या टापूतच दिसत. चित्रपटाची रिळे मात्र गावोगावच्या टॉकीजपर्यंत पोचू शकत. त्यामुळे तिथल्या एखाद्या ज्येष्ठाने ‘आम्ही चिमणराव आधी टॉकीजमध्ये पाहिला, टीव्हीवर नंतर’ असे सांगितले, तर ती आठवण चूक धरू नये. ती पाहण्याचा क्रम सांगते, निर्मितीचा नव्हे. संशोधकाने दोन्ही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात.