अठ्ठावन्न सायकली आणि थकलेली बॅटरी

लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात ६४ टक्के असं दिसतं, तेव्हा बॅटरीत डोकावून तो आकडा कुणीच वाचलेला नसतो. घट्ट बंद केलेल्या सेलमध्ये किती ऊर्जा उरली आहे हे थेट मोजणारं साधन लॅपटॉपमध्ये नाहीच. बॅटरीच्या पॅकमध्येच एक छोटी चिप असते, तिला फ्युएल गेज म्हणतात. तिच्याशेजारी ओहमच्या काही हजारांश भागाइतका रेझिस्टर बसवलेला असतो. त्यातून प्रवाह गेला की दोन टोकांमध्ये अगदी किंचित व्होल्टेज तयार होतं. चिप ते सतत वाचते आणि आत किती गेलं, बाहेर किती आलं याचा हिशेब ठेवते. नखाएवढ्याही नसलेल्या या चिपने वर्षानुवर्षं ठेवलेला हिशेब म्हणजे आपल्याला दिसणारे टक्के. मला हे कितीही वेळा सांगितलं तरी थक्क व्हायला होतं.

याच हिशेबातून सायकलींची संख्या निघते. चार्जर जोडला की एक सायकल झाली, असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. पूर्ण क्षमतेइतका चार्ज वापरून झाला की एक सायकल धरतात, मग तो एका दिवशी वापरा किंवा रोज २५ टक्के करत चार दिवसांत. अ‍ॅपल आपल्या सध्याच्या मॅकबुकसाठी १००० सायकलींची मर्यादा सांगतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती याहून बरीच कमी असते. आपली बॅटरी कुठवर आली आहे ते विंडोजमध्ये पाहायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ही एक ओळ पुरते:

```
powercfg /batteryreport
```

ही आज्ञा एक फाइल तयार करते आणि ती कुठे ठेवली तेही सांगते. ती ब्राउझरमध्ये उघडली की तीन नोंदी शोधायच्या: `DESIGN CAPACITY` म्हणजे कारखान्यात ठरवलेली क्षमता, `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावणारी ऊर्जा, आणि `CYCLE COUNT`. दुसरा आकडा भागिले पहिला, म्हणजे बॅटरीची तब्येत. मॅकमध्ये सायकलींची संख्या `System Information` मधल्या `Power` या भागात मिळते.

नागपूरच्या माझ्या भाचीचा लॅपटॉप दिवसभर ऑफिसच्या टेबलावर चार्जरला जोडलेला असतो. तिच्या अहवालात मूळ क्षमता ५०,००० मिलिवॅट-तास होती, आजची ३६,५०० आणि सायकली अवघ्या ५८. तीन वर्षांत बॅटरी फारशी वापरलीच गेली नव्हती, तरी ती ७३ टक्क्यांवर आली होती. “मामा, मी तर ती जपून ठेवली होती!” असं ती म्हणाली, आणि तिचं आश्चर्य अगदी रास्त होतं.

याचं उत्तर बॅटरीच्या आत, ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर आहे. चार्ज होताना लिथियमचे आयन द्रावणातून प्रवास करत ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात, वापरताना परत निघतात. पण चार्ज झालेल्या ग्रॅफाइटशी गाठ पडली की ते द्रावण टिकत नाही, विघटित होऊ लागतं. पहिल्याच चार्जमध्ये या विघटनातून ग्रॅफाइटवर नॅनोमीटरांत मोजावा असा पातळ थर जमतो. बिडाच्या तव्यावर तेल मुरून जसा राप बसतो तसा. हा थर आयनांना वाट देतो आणि द्रावणाला अडवतो. तो बसला नसता तर ही बॅटरी काही दिवसांतच संपली असती. याच थराच्या आधाराने लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात येऊ शकली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण रक्षण करणारा हा थर वाढायचा थांबत नाही. वाढताना तो थोडं थोडं लिथियम स्वतःत अडकवून ठेवतो आणि ते लिथियम ऊर्जा साठवण्याच्या कामाला कायमचं मुकतं. बॅटरी वापरा किंवा नका वापरू, ही वाढ चालूच राहते. दोन गोष्टींनी ती वेग घेते: उष्णता, आणि बॅटरी सतत पूर्ण भरलेली असणं. नागपूरचा मे महिना, तापलेला लॅपटॉप आणि कायम शंभर टक्के, असा तिहेरी योग भाचीच्या टेबलावर जुळून आला होता. म्हणून सायकलींचा आकडा एकटा घेऊन बॅटरीचं वय ठरवायचं नाही. उलट, थंड खोलीत २० ते ८० टक्क्यांमध्ये फिरणारी बॅटरी चारशे सायकलींनंतरही याहून धडधाकट असू शकते.

मग ७३ टक्के म्हणजे बदलायची वेळ झाली का? माझं मत स्पष्ट आहे: नाही, एवढ्यावरून नाही. बॅटरी बदलायची म्हणून सांगितली जाणारी ८० टक्क्यांची रेषा हमीच्या कागदासाठी सोयीची आहे, त्या रेषेखाली बॅटरी अचानक मरत नाही. भाचीचा लॅपटॉप साध्या कामाला ९ वॉट खातो. नवी असताना बॅटरी साडेपाच तास पुरत असणार, आता चार तास पुरते. तिला बॅटरीवर दीड तासाची मीटिंग काढायची असते. म्हणजे तिची गरज भागते आहे.

खरी धोक्याची खूण निराळी आहे: ३० टक्के दिसत असताना लॅपटॉप एकदम बंद पडणं. तो थर जाड होतो तसा बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो. तीन सेल ओळीने जोडलेला पॅक धरू. ३० टक्क्यांवर तो निवांत असताना ११.१ व्होल्ट दाखवतो. जड काम सुरू झालं आणि ४ अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर ०.१५ ओहम रोध असलेल्या नव्या पॅकमध्ये ०.६ व्होल्टची घसरण होते. रोध ०.४ ओहम झाला असेल तर १.६ व्होल्टची, आणि पॅक साडेनऊवर येतो. प्रत्येक सेलला सरासरी ३.२ व्होल्ट उरतात. त्यातला सर्वांत कमजोर सेल ३ व्होल्टच्या आसपास पोचला की संरक्षक सर्किट वीज तोडतं, बाकीच्या दोघांत ऊर्जा शिल्लक असली तरी.

पण असं बंद पडणं हिशेबाच्या चुकीमुळेही होऊ शकतं. वर्षानुवर्षं बॅटरी पूर्ण रिकामी झालीच नसेल, तर चिपला आपली बेरीज पडताळायची संधी मिळालेली नसते. म्हणून आधी एकदा पूर्ण चार्ज करून, काम जतन करून, हलक्या वापरात लॅपटॉप आपोआप बंद होईपर्यंत चालवावा. मग चार्जर मध्ये न काढता पूर्ण चार्ज करून अहवाल पुन्हा काढावा. आकडे बदलले आणि त्यानंतर टक्के शेवटपर्यंत सरळ उतरत गेले, तर बिघाड फक्त मोजणीत होता. मात्र हलक्या कामात तग धरणारी बॅटरी व्हिडिओ कॉल किंवा खेळ सुरू करताच पुन्हा मधेच तुटत असेल, तर रोध वाढला आहे किंवा एक सेल गेला आहे. अशा वेळी अहवालातली टक्केवारी ८५ असली तरी बॅटरी बदलावी.

एका बाबतीत मात्र कुठलीही चाचणी करायची नाही. टचपॅड वर उचललेला दिसला, खालचं झाकण फाकलं, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगू लागला, तर आत वायू साठून बॅटरी फुगली आहे. चार्जर लगेच काढावा, लॅपटॉप बंद करावा, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि तो तसाच सर्व्हिस सेंटरला न्यावा. तिथे सायकली किती झाल्या हा प्रश्नच उरत नाही.

भाचीच्या बॅटरीत यांपैकी काहीच नव्हतं. चाचणीत ती २ टक्क्यांपर्यंत न अडखळता उतरली. आम्ही लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली आणि लॅपटॉप खिडकीच्या उन्हातून हलवला. गेलेलं लिथियम परत येणार नाही, पण पुढची घट सावकाश होईल. नव्या बॅटरीचे पैसे तिने सध्या राखून ठेवले आहेत.