आजी, काळजी तुमची खरी आहे. फक्त बाळाला पाणी नको

मे महिन्यातली दुपार. पत्र्याची खोली, भिंतीला हात लावला तरी चटका बसेल अशी तापलेली. अडीच महिन्यांचं बाळ आजीच्या मांडीवर. शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याची वाटी आणि चमचा. सून दाराशी बसलेली, तोंड फिरवून. मी आत पाऊल टाकलं, जय भीम झाला, आजींनी बसायला चटई टाकली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "सिस्टर, हिला जरा सांगा. पोराचा घसा सुकतोय आणि ही म्हणते पाणी द्यायचं नाही."

सुनेला वाटत होतं सिस्टर माझ्या बाजूनं बोलतील. आजींना वाटत होतं सिस्टर वयानं मोठ्या माणसाचा मान ठेवतील. दोघींचंही खरं होतं आणि माझी पंचाईत तिथंच होती. बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे मला सांगायचंच होतं. पण मी उठून गेल्यावर त्या दोघींना त्याच दहा बाय दहाच्या खोलीत राहायचं होतं.

नोकरीतल्या पहिल्या वर्षांत मी अशा वेळी काय केलं असतं ते सांगते. वॉर्डात एक आजी नातवाला मध चाटवताना दिसल्या. मी सगळ्यांसमोर त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि म्हणाले, "तुम्हाला काही कळतं का? बाळाला मारायचंय का?" मुद्दा माझा बरोबर होता, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. आजी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या नातवाला मध चाटवतच होत्या, फक्त आता पदराआड. आणि सून मला काही विचारायची बंद झाली, कारण माझ्याशी बोलणं म्हणजे सासूच्या विरोधात जाणं झालं होतं. माझं बरोबर असणं त्या बाळाच्या काहीच कामाला आलं नाही.

आता त्या दुपारचं. मी आधी बाळाला हातात घेतलं. डोळे टवटवीत, टाळू सपाट, अंग गरम नाही. म्हणजे घाई नव्हती, बोलायला वेळ होता. मग आजींना म्हणाले, "ऊन तर खरंच फार आहे. आपलेच ओठ फुटलेत, तर याचं काय होत असेल असं तुम्हाला वाटणारच."

यात मी अजून काहीच नाकारलं नव्हतं. समोरच्या माणसाचं कारण आपल्या तोंडून, नीट आणि पूर्ण, एकदा बोलून दाखवायचं. 'हो हो, समजलं' म्हणून उडवायचं नाही. आजींचा हात चमच्यावरून सुटला तो इथंच.

"एक विचारू का आजी? सकाळपासून लंगोट किती ओले झाले?"

"चार. नाही, पाच झाले की."

"मग पोटात पाणी पुरेसं जातंय बघा. कमी पडलं असतं तर लघवी आधी कमी झाली असती. दिवस-रात्र मिळून सहा वेळा किंवा जास्त झाली, फिकट झाली, की समजायचं याला तहान नाही. आईच्या दुधात शंभर भागांतले सुमारे ८८ भाग पाणीच असतं. म्हणून मला वाटतं, याला वरचं पाणी नको द्यायला."

इथं दोन-तीन गोष्टी मुद्दाम केल्या होत्या. नापसंती प्रश्नातून सुरू केली, आणि प्रश्न असा निवडला की उत्तर आजींनाच माहीत असावं. लंगोट धुणारी तीच बाई; तिच्याच मोजणीवर माझं कारण उभं राहिलं. मी 'पुस्तकात असं लिहिलंय' म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, राहू दे तुझं पुस्तक. दुसरं म्हणजे 'तुम्ही पाणी देऊ नका' असं न म्हणता 'पाणी नको द्यायला' म्हटलं. फरक शब्दाचाच आहे, पण पहिल्या वाक्यात बोट आजींकडे जातं, दुसऱ्यात ते पाण्याकडे जातं. आणि 'पण' हा शब्द टाळला. 'तुमचं बरोबर आहे, पण' यातलं 'बरोबर' कुणालाच ऐकू येत नाही. त्याऐवजी वाक्य तिथंच संपवायचं, किंवा 'फक्त' म्हणायचं: काळजी खरी आहे, फक्त पाणी नको.

आजी इतक्यानं मानणाऱ्या नव्हत्या. "आम्ही नाही का वाढवली पोरं? चौघंही पाणी पिऊनच मोठी झाली."

हे वाक्य प्रत्येक घरात येतं आणि बहुतेक भांडणं इथंच पेटतात. याला उत्तर म्हणून 'त्या काळी पोरं मरायचीही' असं कुणी म्हणतं. आकड्यांनी ते खोटं नाही, पण ज्या बाईनं कदाचित स्वतःचं एखादं मूल पुरलंय तिच्यासमोर ते बोलायचं नसतं. मी म्हणाले, "चौघांना तुम्ही वाढवलंत, ते समोर दिसतंय. पाणी उकळून देत होता, तेही किती जणी करायच्या? तुम्ही चुकलात असं नाही हो. आधी दवाखान्यातही चार ते सहा महिने म्हणायचे. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं पूर्ण सहा महिने सांगायला सुरुवात केली. सल्ला बदलला."

माघार घ्यायला माणसाला वाट लागते. 'मी चुकले' हे सुनेसमोर म्हणणं सासूला जड. 'आता सल्ला बदललाय' म्हणणं सोपं. आणि ही पळवाट खोटी नव्हती. खोटी स्तुती करून दिलेली वाट लोक लगेच ओळखतात.

मग राहिलेलं कारण सांगितलं. बाळाचं पोट लहान. त्यात चार चमचे पाणी गेलं की तेवढं दूध कमी पितं. कमी ओढलं की आईच्या अंगावरचं दूधही कमी तयार होतं, कारण ओढलं जाईल तसंच ते बनतं. पाण्यातून जुलाबाचे जंतू जातात ते वेगळंच. पाणी उकळलं तरी वाटी आणि चमचा राहतातच. एवढं पुरे झालं. फार पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ होऊन झटके येऊ शकतात हेही मला माहीत होतं, पण ते बोलले नाही. दोन कारणं पटतात. पाच सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला कोपऱ्यात घेतायत.

शेवटी आजींच्या हाताला काम हवं होतं. त्यांना नातवासाठी काहीतरी करायचं होतं आणि मी त्यांचा चमचा काढून घेत होते. म्हणून विचारलं, "असं केलं तर चालेल का? पाणी हिला पाजायचं. बाळ दूध प्यायला बसलं की एक तांब्या हिच्याजवळ ठेवायचा. याला दुपारी ओल्या फडक्यानं पुसायचं, सुती झबलं एकच. आणि लंगोट तुम्हीच मोजा. सहाच्या खाली गेले तर मला लगेच निरोप द्या."

आजी म्हणाल्या, "बघते." आमच्याकडे 'बघते' म्हणजे हो नसतं, हे मला माहीत आहे. म्हणून तिसऱ्या दिवशी परत गेले.

मऊ बोलण्याचीही एक चूक आहे आणि ती आमच्या नव्या आरोग्य सेविका हमखास करतात. आजी रागावतील म्हणून त्या म्हणतात, "नाही म्हणजे, शक्यतो पाणी नको असं म्हणतात, बाकी तुम्ही बघा." आजींना यातून काय ऐकू येतं? 'सिस्टरनं थोडं चालेल म्हटलंय.' मऊपणा माणसाशी ठेवायचा असतो, मुद्द्याभोवती नाही. 'मला वाटतं', 'जरा', 'चालेल का', 'हो', 'ना' हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला नाहीतर शेवटाला बसवा. मधलं 'पाणी नको' स्वच्छ राहू द्या. बोलून झाल्यावर समोरच्याला 'मग काय ठरलं आपलं?' असं विचारलं की मुद्दा पोचला की वाटेत विरघळला ते लगेच कळतं. 'राग मानू नका' हेही एकदाच. तीनदा म्हटलं तर राग यायलाच हवा असं माणसाला वाटू लागतं.

माझं सोपं होतं म्हणा. मी बाहेरची, वर सिस्टर. सुनेचं काय? त्या घरातली सून नंतर मला नळावर भेटली तेव्हा मी तिला म्हटलं, पाहुणे असताना किंवा बाळ रडत असताना हा विषय काढू नकोस. भाजी निवडताना, दोघीच असताना काढ. 'सिस्टर म्हणाल्या' एवढ्यावर थांबू नकोस, कारण मग भांडण माझ्याशी राहतं आणि सासूला ते माझ्या माघारी जिंकता येतं. म्हण, "आई, तुम्ही काळजी करता म्हणून मला धीर असतो. मला एवढंच वाटतं, आपण सहा महिने पाणी थांबवून बघू या का? लंगोट कमी झाले तर दोघी मिळून दवाखान्यात जाऊ." यात 'आपण' आणि 'दोघी' हे शब्द मोलाचे आहेत. नवऱ्याला पंच म्हणून बोलावलं की कुणीतरी एक हरतंच.

आणि असा सगळा वेळ नसतो तेव्हा? बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, टाळू खोल गेलीय, सहा-आठ तास लघवी नाही, अंग तापलंय, झटका आला, अशा वेळी 'मला वाटतं' नाही आणि 'चालेल का' नाही. "आजी, उठा, आत्ता दवाखान्यात." मज्झिम निकायात बुद्ध अभय राजकुमाराला मांडीवरच्या तान्ह्या बाळावरून विचारतात की याच्या तोंडात खडा गेला तर काय करशील. राजकुमार म्हणतो, रक्त आलं तरी बोट घालून काढीन, कारण त्याच्यावर माझी करुणा आहे. तिथं बोलणं चाललंय ते अप्रिय पण खरं आणि हिताचं बोलण्याची वेळ ओळखण्याबद्दलच. दवाखान्यातून परतल्यावर मात्र आजींजवळ दोन मिनिटं बसावं आणि म्हणावं, "मघाशी जोरात बोलले, घाई होती." ओआरएस किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध सहा महिन्यांच्या आतही चालतं, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावं, नाहीतर 'सिस्टर म्हणाल्या काहीच द्यायचं नाही' म्हणून तेही थांबतं.

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा वाटी-चमचा ताटाळ्यात होता. दाराच्या आतल्या बाजूला खडूनं रेघा मारलेल्या, कालच्या सात, आजच्या चार. मी बघत होते तर आजी म्हणाल्या, "आज अजून दुपार व्हायचीय." आणि सुनेकडे बघून, "तांब्या भर गं तुझा, रिकामा झालाय."