शनिवार-रविवार मोकळा, पण तास वीसच

ब्रिटनमध्ये एमएससीला गेलेली मराठी मुलं वर्ग सुरू झाले की पार्टटाइम कामासाठी ईमेल पाठवू लागतात. ‘मी कधीही, कितीही तास काम करायला तयार आहे,’ असं त्यातली काही जण उत्साहानं लिहितात. रिक्रूटरला मात्र आठवड्याच्या शिफ्टचा तक्ता भरायचा असतो. ‘कधीही’ या शब्दानं त्यातला एकही रकाना भरत नाही. शिवाय ते खरंही नसतं.

स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा त्यापुढचं शिक्षण घेणाऱ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येतं. हा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो आणि त्यात सरासरी चालत नाही. या आठवड्यात दहा तास केले म्हणून पुढच्यात तीस करता येत नाहीत.

समजा, लेस्टरला शिकणाऱ्या नाशिकच्या एका मुलीचे वर्ग सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी दहा ते चार, तर शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत आहेत. तिला हॉटेलात काम हवंय. तिनं ईमेलच्या विषयातच ‘वीकेंड पार्टटाइम : शुक्रवार संध्याकाळ, शनिवार, रविवार’ असं लिहावं. आत चार-पाच ओळी पुरतात : ‘शुक्रवारी सहा ते दहा आणि शनिवार-रविवारी रोज आठ तास मी येऊ शकते. वर्गांच्या वेळा ठरलेल्या आहेत, त्या बदलणार नाहीत. व्हिसानुसार सत्रात माझी मर्यादा आठवड्याला २० तासांची आहे. शेअर कोड आणि विद्यापीठाच्या सत्राच्या तारखा मागाल तेव्हा पाठवते.’ चार अधिक सोळा, बरोब्बर वीस. तारखांचा उल्लेख महत्त्वाचा, कारण सत्र आणि सुट्ट्यांचा पुरावा मालकाला आपल्या दप्तरी ठेवावा लागतो.

बुधवार मोकळा असूनही तिनं तो लिहिला नाही, हे शहाणपणाचं आहे. वीकेंडला काम करणाऱ्यांची खरी अडचण इथेच होते. कुणी आजारी पडलं म्हणून बुधवारी चार तासांसाठी बोलावणं आलं आणि ती गेली, तर तेव्हा काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही. पण रविवारची शिफ्ट नेहमीसारखी पूर्ण केली की बेरीज २४ होते आणि व्हिसाची अट मोडते. म्हणून असं बोलावणं आलं की तिथल्या तिथेच विचारावं : ‘आज येते, पण रविवारचे चार तास कमी कराल का?’ उत्तर लेखी घ्यावं.

उन्हाळ्याचा घोळ वेगळा. जूनमध्ये वर्ग थांबले की अनेकांना सुट्टी लागल्यासारखं वाटतं आणि ते रिक्रूटरला ‘आता पूर्णवेळ चालेल’ असं कळवून टाकतात. एक वर्षाच्या एमएससीत तो काळ सहसा प्रबंधाचा असतो, म्हणजे सत्रच चालू असतं. असं कळवण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आपल्या अभ्यासक्रमाच्या तारखांचं पत्र मागवावं आणि ते ईमेलला जोडावं.