शिकवणीच्या वेळापत्रकातली मोकळी जागा

पुण्यात गणिताच्या खासगी शिकवण्या घेणाऱ्या बहुतेकांचा दिवस पाच वाजता सुरू होतो आणि नऊला संपतो. सकाळच्या अधिवेशनातली मुलं दुपारीच घरी येतात, पण जेवून, जरा पडून पाचच्या आत वही उघडत नाहीत. दुपारच्या अधिवेशनातली मुलं सहाला घरी पोहोचतात. नऊनंतर पालक मुलांना बाहेर ठेवत नाहीत. म्हणजे सगळ्या बॅचना या चार तासांतच जागा हवी असते आणि शिकवणीचं वेळापत्रक कोलमडतं तेही इथेच. शिकवणं कमी पडल्यामुळे ते क्वचितच कोलमडतं. दोन बॅचच्या मधला वेळ कुणी मोजलेला नसतो, हे त्याचं कारण असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोथरूडमध्ये राहणाऱ्या एक मॅडम आहेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार त्या पावणेपाच ते पावणेसहा कर्वेनगरला सहावीच्या तिघांना शिकवतात. सहा ते सात वारज्यातल्या एका सोसायटीत आठवीची चार मुलं आणि साडेसात ते नऊ स्वतःच्या घरी दहावीची पाच मुलं. मंगळवारी आणि गुरुवारी सिंहगड रस्त्यावर सीबीएसईच्या दहावीचा एकच मुलगा, सव्वा तास. कागदावर हा आठवडा छान दिसतो. कर्वेनगर ते वारजे दुचाकीने दहा मिनिटांचा रस्ता, मध्ये पंधरा मिनिटं ठेवली आहेत.

प्रत्यक्षात कर्वेनगरच्या दारात मुलाची आई म्हणते, "मॅडम, दोनच मिनिटं, याच्या प्रगतीबद्दल विचारायचं होतं." मग चपला, लिफ्ट, गाडी काढणं, संध्याकाळची गर्दी, वारज्याच्या सोसायटीच्या गेटवर वहीत नाव आणि गाडीचा नंबर लिहिणं, पुन्हा लिफ्ट. पंधरा मिनिटांची पंचवीस होतात. आठवीची बॅच दहा मिनिटं उशिरा सुरू होते आणि तेवढीच उशिरा सुटते. घरी दहावीची मुलं बाहेर उभी असतात आणि नऊला त्यांना न्यायला वडील येतात, त्यामुळे शेवट लांबवता येत नाही. दिवसभराचा उशीर शेवटच्या बॅचच्या वाट्याला येतो. रोजची दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, महिन्याला दोन तास. बोर्डाची परीक्षा ज्यांच्या डोक्यावर आहे, नेमका त्यांचाच हा वेळ जातो.

यावर उपाय म्हणून गाडी जोरात हाणण्यात अर्थ नाही. दिवस इयत्तेप्रमाणे न लावता रस्त्याप्रमाणे लावायला हवेत. कर्वेनगरहून राजाराम पूल ओलांडला की सिंहगड रस्ता लागतो. म्हणून सहावीची बॅच मंगळवार-गुरुवारवर न्यायची, सव्वाचार ते पावणेसहा, आणि सव्वासहाला सिंहगड रस्त्यावरच्या मुलाकडे पोहोचायचं. तीन दिवस एकेक तास होता, तो दोन दिवस दीड-दीड तास झाला, म्हणजे आठवड्याचे तीन तास तसेच राहिले. फक्त अकरा वर्षांचं मूल दीड तास सलग ऐकू शकत नाही, तेव्हा शेवटचा अर्धा तास त्याने स्वतः गणितं सोडवायची. सोमवार-बुधवार-शुक्रवारी मग वारजे आणि घर एवढंच राहतं, मध्ये पाऊण तास ठेवता येतो आणि दहावीला पूर्ण दीड तास मिळतो.

फीचा हिशेबही याच रस्त्याने करावा. सिंहगड रस्त्यावरच्या मुलाचे एका खेपेचे सहाशे रुपये मिळतात असं धरू. सव्वा तासाला सहाशे, म्हणजे तासाला चारशे ऐंशी. पण जाणं-येणं आणि गेट-लिफ्ट धरून सत्तर मिनिटं आणखी गेली, तर तोच दर तासाला अडीचशेच्या आसपास येतो, पेट्रोल वेगळं. कर्वेनगरवरून पुढे जाताना त्याला गाठलं की यातला एका बाजूचा प्रवास वाचतो. लांबची शिकवणी घ्यावी की नाही हे एका तासाच्या फीवरून कधीच ठरवू नये.

इथवरचं सगळं साध्या आठवड्यांपुरतं झालं. खरी कसोटी चाचण्यांच्या आठवड्यात लागते.

वारज्याची आठवीची बॅच पाहा. चौघांपैकी दोघं राज्य मंडळाच्या सेमी इंग्रजी शाळेत, दोघं सीबीएसईच्या. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांची सहामाही सप्टेंबरात होते, राज्य मंडळाच्या शाळांची प्रथम सत्र परीक्षा ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीआधी. सप्टेंबरात दोघांना उजळणी हवी असते आणि उरलेल्या दोघांचा धडा अर्धा राहिलेला असतो. शिवाय ज्याचा उद्या विज्ञानाचा पेपर आहे तो आज गणिताला येतच नाही. मॅडम आलेल्या दोघांना नवीन प्रकरण शिकवतात, पुढच्या आठवड्यात बाकीचे दोघं परततात आणि तेच प्रकरण पुन्हा घ्यावं लागतं. आधीचे दोघं कंटाळून बसतात. एकाच बॅचला एकच प्रकरण दोनदा शिकवायची वेळ आली, की चाचण्यांचं नियोजन चुकलं आहे असं समजावं. मुलांच्या वह्या समोरासमोर ठेवल्या तरी कळतं, एकीत तारखा सलग असतात, दुसरीत आठवडाभराची भगदाडं.

म्हणून शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच प्रत्येक मुलाच्या शाळेचं परीक्षांचं वेळापत्रक मागून घ्यावं आणि भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरवर शाळेगणिक वेगळ्या रंगात उतरवावं. बॅचमधल्या कुणाचीही परीक्षा असेल त्या आठवड्यात, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यातही, नवीन प्रकरण सुरू करू नये. नेहमीच्या तासांना दोन्ही मंडळांत असलेला भाग घ्यावा. आठवीला घातांक आणि चौकोन दोन्हीकडे आहेत, त्यावरची गणितं चौघांनाही उपयोगी पडतात. ज्याच्या शाळेचा जो वेगळा भाग आहे, त्यासाठी वेगळा तास द्यावा.

हा वेगळा तास आणायचा कुठून? शनिवारची संध्याकाळ त्यासाठीच मोकळी ठेवलेली असते. माझ्या मते आठवड्याच्या वेळापत्रकातली सर्वांत मोलाची जागा हीच. पण जुलैत ती रिकामी दिसते, एखादे पालक आग्रह करतात, फी चांगली मिळणार असते आणि तिथे नवीन विद्यार्थी बसतो. सप्टेंबरात जादा तास रविवारी सकाळी सातला घ्यावे लागतात आणि तेही सगळ्यांना पुरत नाहीत. ती जागा विकू नये. चाचणी नसलेल्या आठवड्यात तिथे बुडलेले तास भरून काढावेत किंवा तपासून आलेल्या उत्तरपत्रिका मुलाबरोबर बसून पाहाव्यात. कुठे गुण गेले हे मुलाला त्याच्याच उत्तरपत्रिकेतून जितकं कळतं तितकं नव्या सरावातून कळत नाही.

जानेवारीपासून दहावीचा सगळा तोल बदलतो. पूर्वपरीक्षा झाल्या की मुलं अभ्यासासाठी घरीच असतात, सकाळचे तास उपलब्ध होतात आणि दहावीची बॅच सकाळी नेली की संध्याकाळ खालच्या इयत्तांना मिळते. 2025 मध्ये राज्य मंडळाची दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली, सीबीएसईची त्याआधी 15 फेब्रुवारीला. सिंहगड रस्त्यावरच्या मुलाचे जादा तास म्हणूनच घरच्या बॅचच्या आधी संपवायला हवेत. मार्चअखेर दहावीची फी थांबते आणि पुढच्या दहावीची सुट्टीतली बॅच सुरू होईपर्यंत मिळकतीत खड्डा पडतो, त्याची तरतूद वर्षभराच्या फीतूनच करावी लागते.

पालकांना एकच विनंती. शाळेकडून परीक्षांच्या तारखा आल्या की त्या त्याच दिवशी शिकवणीच्या बाईंना किंवा सरांना कळवा. पेपरच्या आदल्या रात्री जादा तास मागितलात, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या वेळेतून काढावा लागतो.