कुठलं दार ठोठावलंय, ते आधी बघा

सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं, त्यासोबत गूगल ड्राइव्हवरचं एक फोल्डर आलं आणि त्यात परवानगीच्या चार विनंत्या महिनाभर लोंबकळत असलेल्या. फोल्डरमध्ये बँकेची स्टेटमेंटं, व्हाउचर, सभांची इतिवृत्तं आणि आधारच्या प्रतींसह सगळ्यांचे नॉमिनेशन फॉर्म.

पहिली विनंती रंगकामाच्या ठेकेदाराची. त्याला हव्या होत्या फक्त कामाच्या अटी. पण कोणीतरी व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली होती अख्ख्या फोल्डरची, म्हणून त्यानं Request access दाबल्यावर विनंतीही अख्ख्या फोल्डरसाठीच आली. होकार दिला असता, तर रंगारी नॉमिनेशन फॉर्मपर्यंत पोचला असता, कारण फोल्डरची परवानगी आतल्या प्रत्येक फाइलला आपोआप लागू होते. माणूस कुठल्या लिंकवर अडखळला एवढंच ती विनंती सांगते. त्याला काय हवंय, ते फोन करूनच कळतं. मी विनंती नाकारली आणि अटींची एकच फाइल त्याला Viewer म्हणून दिली.

ऑडिटरनं Editor मागितलं होतं. Viewer फक्त वाचतो, Commenter कडेला शेरा लिहू शकतो, Editor मजकूर बदलतो आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये पुढे आणखी कोणालाही परवानगी देऊ शकतो. ऑडिटरनं व्हाउचरवर शंका काढाव्यात, व्हाउचर बदलू नयेत! म्हणून त्यांना Commenter केलं, तेही त्या एका वर्षाच्या उपफोल्डरपुरतं. आमच्या फुकटच्या खात्यात परवानगीला मुदत घालायची सोय नाही. तेव्हा ती काढून घ्यायची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली.

तिसरी विनंती खजिनदारांच्या नावानं आली, तेव्हा मी चक्रावलो. त्यांच्याकडे तर परवानगी होतीच. नीट पाहिलं तर नाव त्यांचं, ईमेल पत्ता मात्र अनोळखी. खात्याला नाव काय द्यायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, त्यामुळे पत्ताच बघावा लागतो. फोन केल्यावर उलगडा झाला: नवीन मोबाइलमध्ये त्यांच्या मुलानं दुसरंच खातं उघडून दिलं होतं. परवानगी वाढवायची गरजच नव्हती. जुन्या खात्यात शिरा म्हटलं, काम झालं.

चौथ्या सभासद बाईंना मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं होतं. ती फाइल Viewer म्हणून दिली.

मग सहज म्हणून नॉमिनेशन फॉर्मच्या फाइली एकेक उघडून, त्या कोणाकोणाला दिसतात ते पाहिलं. त्यातल्या एका फाइलवर Anyone with the link लावलेलं होतं. ज्याच्याकडे लिंक, त्याला ती उघडी. विचारायला कोणी येणारच नव्हतं. ती Restricted केली. दुसऱ्या दिवशी त्या फाइलसाठी तीन विनंत्या आल्या.