पाण्यातील हायड्रोजन आयनाची धाव

हायड्रोक्लोरिक आम्लाच्या विरल द्रावणातून विद्युतप्रवाह सोडला असता त्यात हायड्रोजनचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन समसमान संख्येने असतात. तरीही प्रवाह वाहून नेण्याचा भार दोघे सारखा उचलत नाहीत. सुमारे 82 टक्के भार हायड्रोजन आयन उचलतो आणि क्लोराइडच्या वाट्याला जेमतेम 18 टक्के येतो. एकूण प्रवाहातील एखाद्या आयनाच्या या वाट्यालाच त्याचा वहनांक म्हणतात.

या विषमतेचे मूळ आयनांच्या वेगात आहे. पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाच्या अतिविरल द्रावणात दर सेंटीमीटरला एक व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र असेल, तर पोटॅशियम आयन तासाभरात सुमारे 2.7 सेंटीमीटर सरकतो, क्लोराइड 2.8 आणि लिथियम अवघा 1.4. हायड्रोजन आयन मात्र तेवढ्याच वेळात 13 सेंटीमीटर जातो. पोटॅशियम क्लोराइडमध्ये दोन्ही आयनांचे वेग जवळपास सारखे असल्याने पोटॅशियमचा वहनांक 0.49 येतो. हायड्रोक्लोरिक आम्लात तो 13 भागिले 15.8, म्हणजे 0.82 ठरतो.

हा वाटा प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतो. उभ्या, अरुंद काचनळीच्या तळाशी कॅडमियमचे धनाग्र बसवून वर हायड्रोक्लोरिक आम्ल भरतात. त्यात आम्लाला एक रंग आणि कॅडमियम क्लोराइडला दुसरा रंग देणारा दर्शक मिसळलेला असतो. प्रवाह सुरू होताच कॅडमियम विरघळू लागते आणि त्याचे मंद आयन पुढे निघालेल्या हायड्रोजन आयनांच्या मागोमाग वर चढतात. दोन रंगांमधील सीमारेषा वर सरकू लागते.

समजा, नळीचा छेद 0.1 चौरस सेंटीमीटर आहे, आम्लाची संहती लिटरला 0.1 मोल आहे आणि 3 मिलिअँपिअर प्रवाह 1000 सेकंद वाहिला. एकूण 3 कूलोम प्रभार गेला, म्हणजे 0.0000311 मोल. तेवढ्या वेळात सीमारेषा 2.58 सेंटीमीटर चढली, तर तिने ओलांडलेल्या 0.258 घन सेंटीमीटर द्रावणात 0.0000258 मोल हायड्रोजन आयन होते. दोहोंचे गुणोत्तर 0.83. या संहतीला हाच आकडा अपेक्षित असतो. प्रवाह फार वाढवला तर उष्णतेने द्रावण ढवळले जाते आणि रेषा पुसट होते. म्हणून प्रवाह बदलून मोजणी पुन्हा करतात. दोन्ही वेळा उत्तर सारखेच आले, तर मोजमापावर विश्वास ठेवता येतो.

आता मूळ प्रश्न. हायड्रोजन आयन लहान आहे म्हणून तो वेगवान, हे उत्तर टिकत नाही. लिथियमही लहानच आहे, पण तो पाण्याच्या रेणूंचे जाड आवरण ओढत जातो आणि मागे पडतो. शिवाय पाण्यात प्रोटॉन एकटा नसतोच. तो पाण्याच्या रेणूला जोडून हायड्रोनियम बनतो आणि त्याचा आकार पोटॅशियमच्या जवळपास असतो. तो पाणी कापत निघाला असता, तर त्याचा वेगही पोटॅशियमइतकाच भरला असता.

वास्तविक तो पाणी कापत जातच नाही. हायड्रोनियमला शेजारचा रेणू हायड्रोजन बंधाने जोडलेला असतो. हायड्रोनियम आपल्या तीन प्रोटॉनांपैकी एक त्याला देतो. आता शेजारी हायड्रोनियम होतो आणि देणारा साधा पाण्याचा रेणू. पुढे तोही आपला एक प्रोटॉन, बहुधा दुसराच, तिसऱ्याला देतो. अशा रीतीने कोणताही एक कण दूर न जाता प्रभार मात्र दूर पोहोचतो. विहिरीपासून आगीपर्यंत माणसे रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तसेच हे आहे. साखळीने होणाऱ्या अशा हस्तांतराची कल्पना थिओडोर ग्रोटहुस यांनी 1806 साली मांडली होती आणि ही यंत्रणा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

यात वेळ लागतो तो प्रोटॉनच्या उडीला नव्हे. घेणाऱ्या रेणूभोवतीचा एक हायड्रोजन बंध आधी तुटावा लागतो, तेव्हाच त्याला प्रोटॉन सामावून घेता येतो. या फेरमांडणीला एक-दोन पिकोसेकंद लागतात. उड्याही सर्व दिशांना होतच असतात. विद्युतक्षेत्र त्यांना फक्त एका बाजूला थोडा कल देते.

म्हणूनच ही आघाडी हायड्रोजन बंधांच्या जाळ्यावर अवलंबून आहे. पाणी तापवले की जाळे विसविशीत होते. सर्वच आयनांचा वेग वाढतो, पण पोटॅशियमच्या तुलनेतील पाचपट आघाडी शंभर अंशांना तिपटीच्या आसपास येते. द्रव अमोनियात तर आम्लाचा प्रोटॉन अमोनियम आयन बनून इतरांसारखाच चालतो. म्हणजे असामान्य वेग हा एकट्या हायड्रोजन आयनाचा गुण नव्हे. त्याला हातोहात पुढे नेणाऱ्या पाण्याचाही तो गुण आहे.