पायाखालचं पाणी (भाग ६) : वरचा मजला, खालचा मजला

मागच्या आठवड्यात आपण दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी कुठे साठतं ते पाहिलं. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग याच खडकाचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक गोठले, त्यामुळे आपल्या पायाखालचं पाणी साधारण दोन मजल्यांवर राहतं. वरचा मजला मुरमाचा आणि त्याखालच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या खडकाचा, बहुधा जमिनीपासून पंधरा-वीस मीटरपर्यंतचा. आपल्या जुन्या विहिरी याच मजल्यावरच्या. त्याखाली बराचसा घट्ट पाषाण, आणि अधूनमधून दोन थरांच्या सांध्यात किंवा आडव्या भेगांत पाणी. हा खालचा मजला, बोअरवेलचा. पुण्याच्या पश्चिमेला वाढलेल्या वस्त्यांत किंवा तशाच एखाद्या वाढत्या गावात पातळी का खाली जाते, हे समजायला हे दोन मजले वेगवेगळे बघावे लागतात.

आधी हिशेब. एक एकराचा, म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटरचा भूखंड घ्या. त्यावर ६० सदनिका, घरटी चार माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर सोसायटीला रोज ३२,४०० लिटर पाणी लागतं. पाऊस पुण्याइतका, वर्षाला ७०० मिलिमीटर धरू. तिथे शेत होतं तेव्हा त्यातला ढोबळमानाने दहावा हिस्सा खाली मुरत असेल, तर एकरी २ लाख ८० हजार लिटर. सोसायटीच्या गरजेला हे नऊ दिवसही पुरत नाहीत. आणि या खडकात जागाच थोडी असते. शंभर लिटर आकारमानाच्या भेगाळ पाषाणातून उपसा करून दोन-एक लिटर पाणी हाती येतं. म्हणून एकरभर जमिनीखालची पातळी एक मीटरने उतरली, तरी मिळतात फक्त ८० हजार लिटर, म्हणजे अडीच दिवसांचं पाणी. नदीकाठच्या वाळूत हाच आकडा कितीतरी पट मोठा असता. तेव्हा महापालिकेची लाइन येण्याआधी पाच-सात वर्षं बोअरवर काढणारी वस्ती आजूबाजूच्या शेतांखालचं पाणी ओढत असते. शेजारीही इमारती आल्या की ओढायला काही उरत नाही. मग दोनशे फुटांचं बोअर आटतं, चारशेचं मारतात. खोल जाऊन नवं पाणी मिळेलच असं नाही. घट्ट पाषाणात भेगा खाली खाली विरळ होत जातात.

उपशाबद्दल सगळे बोलतात. वरच्या मजल्याचं काय होतं याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. फरशी आणि डांबर पडल्यावर मुरणं थांबतं, हे खरंच. पण खरा घाव तळघराचा असतो. दोन मजली पार्किंगसाठी सात मीटर खणलं की मुरूम ट्रकमध्ये भरून निघून जातो. जी जागा पावसाचं पाणी आधी धरायची, तीच नाहीशी होते. शेजारच्या मुरमातलं पाणी खड्ड्याच्या भिंतीतून पाझरायला लागतं. ते उपसण्यासाठी पंप बसतो आणि पाणी पावसाळी गटारात जातं. काही इमारतींत हा पंप बांधकाम संपल्यावरही चालू राहतो. त्याच इमारतीच्या दारात टँकर उभा असतो, हे चित्र मला कायम विचित्र वाटत आलंय.

आता पुनर्भरण. त्याच सोसायटीचं छप्पर १,००० चौरस मीटरचं धरू. वर्षाच्या पावसातले ८५ टक्के हाती आले, तर जवळपास ६ लाख लिटर होतात. म्हणजे पूर्वीचं शेत जेवढं मुरवत होतं त्याच्या दुपटीहून जास्त, तरी सोसायटीची अठरा दिवसांचीच गरज. ‘पुनर्भरण करा, टँकर बंद’ असं कुणी विकत असेल तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

पण तेवढं पाणी तरी मुरतं का? बांधकाम नियमांत ही सोय सक्तीची असल्याने, पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी कुंपणाच्या उरलेल्या कोपऱ्यात एक खड्डा घेतला जातो. दीड मीटर लांब, तेवढाच रुंद, दोन मीटर खोल. तळाला दगडगोटे, वर खडी, सगळ्यात वर जाड वाळू. आकारमान साडेचार हजार लिटरचं, पण गोटे-खडीमुळे मोकळी जागा त्यातली तिसऱ्या हिश्शाहून थोडीच अधिक, फार तर १,६०० लिटर. तासाला २० मिलिमीटरची सर आली तर आपल्या छपरावरून मिनिटाला पावणेतीनशे लिटरच्या वर पाणी उतरतं. खड्डा सहा मिनिटांत भरतो आणि उरलेलं रस्त्यावर जातं. याउलट, सिमेंटच्या रिंगा टाकून एक मीटर व्यासाची, सहा मीटर खोल, आतून मोकळी ठेवलेली पुनर्भरण विहीर ४,७०० लिटर धरते आणि रिंगांच्या फटींतून चहूबाजूंनी मुरूम भिजवते. बेंगळुरूमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खणणाऱ्या मन्नू वड्डर समाजातल्या कारागिरांनी अशा विहिरी मोठ्या संख्येने खणल्या आहेत. माझं मत विहिरीच्या बाजूचं आहे. ती आत उतरून साफ करता येते; खड्ड्यातले गाळाने भरलेले गोटे सगळे उपसावे लागतात.

दोन्हींची अट एकच, तळ मुरमात टेकला पाहिजे. वर काळी माती असेल तर ती पूर्ण खणून काढावी लागते, कारण ओली झाल्यावर ती फुगते आणि पाणी सोडत नाही. मुरूमच तळघरात गेला असेल किंवा दोन फुटांवर कातळ लागत असेल, तर शोषखड्डा म्हणजे निव्वळ टाकी. तिथे खालच्या मजल्यात पाणी सोडायला आटलेलं बोअर वापरतात. पण आधी त्याची परीक्षा घ्यावी. सहा इंची, दोनशे फुटांच्या बोअरच्या पोकळीत जेमतेम १,१०० लिटर मावतात. त्यात ५,००० लिटरचा टँकर ओता. पाणी तोंडाशी न येता गेलं, तर चार हजार लिटर भेगांनी घेतले. अर्धा टँकरही न जाता बोअर भरून राहिलं, तर तिथे गाळणीवर पैसे घालू नयेत.

बोअरमध्ये फक्त छपराचं पाणी सोडावं. पार्किंगमधलं तेल किंवा ड्रेनेजच्या चेंबरमधली गळती मुरमातून जाताना थोडीफार तरी गाळली जाते; भेगेत गेली की थेट शेजाऱ्याच्या बोअरला पोचते. पहिल्या एक-दोन पावसांचं धूळ-विष्ठेचं पाणी बाहेर सोडायला पाइपवर झाकण हवं. गाळणीतली वरची वाळू दर मे महिन्यात काढून धुवावी लागते. खड्ड्यात पाऊस थांबून दोन-तीन दिवसांनीही पाणी उभं दिसलं, तर वाळूवर गाळाची साय धरलेली असते, किंवा खालचा मुरूम आधीच भरलेला असतो. हे दुसरं कारण लोक विसरतात. आपला खडक पटकन रिकामा होतो तसाच पटकन भरतोही. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्टअखेर शेजारची जुनी विहीर काठाला आली असेल, तर त्यानंतर खड्ड्यात सोडलेलं पाणी ओढ्यालाच मिळणार.

यातलं काय चालू आहे हे कळायचा मार्ग मोजपट्टीचा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजते, तसंच सोसायटीने करावं. बोअरमध्ये वजन बांधलेली टेप सोडायची, आदल्या रात्रीपासून पंप बंद ठेवून; एकदा मेच्या शेवटी, एकदा ऑक्टोबरमध्ये. एकाच वर्षाच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये, कारण पाऊस बदलतो. पाऊस साधारण सारखा असलेली दोन वर्षं निवडून ऑक्टोबरची पातळी ताडून पाहावी. ऑक्टोबरला वर आलेली पातळी डिसेंबरातच बसली, तर पाणी मुरलं होतं, पण उताराच्या बाजूला कुणीतरी तळघर उपसतंय का, ते बघायला हवं.

पुढच्या आठवड्यात : टँकर कुठल्या विहिरीवर भरतो?